खोडरबर न चालणारे सर

डिचोलीतल्या आमच्या मराठी हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांना आज, 5 सप्टेंबरला, आयर्लंडहून नमस्कार. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही.

सरांच्या प्रयोगवहीत खोडरबर, व्हाइटनर बंद. आकडा चुकला तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला नवा आकडा आणि सही. सुट्या कागदावर आकडे घेऊन मग वही 'सुंदर' करणाऱ्याला सगळा प्रयोग परत. चवथीची सुट्टी तोंडावर असली तरी!

एकदा लंबकाचा प्रयोग होता. एक मीटर दोरा, 20 दोलनं, वेळ साधारण 40 सेकंद. शेजारच्या गटाचा एक आकडा 38 आला आणि त्यांनी तो गिरवून 40 केला. सरांनी वही उजेडात धरली, 38 वाचला आणि त्यांना पुन्हा मोजायला लावलं. गोळा सोडतानाच ते 'एक' म्हणत होते, म्हणजे दोलनं 19च भरत होती. एका दोलनाला दोन सेकंद, तेवढेच कमी. आकडा पुसला गेला असता तर कारणही गेलं असतं.

आज मी औषधांच्या तपासणीच्या लॅबमध्ये आहे. इथेही एकच रेघ, सही, तारीख आणि बदलाचं कारण. नवीन मुलांना हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. माझं काम सरांनी नववीतच करून ठेवलं होतं, तेव्हा मात्र राग यायचा. सर, मनापासून आभार.