नेमणूकपत्रातील बदलीची अट

मा. संपादक,

वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या कारखान्यांत लागणाऱ्या आपल्या मुलांच्या नेमणूकपत्रात बहुधा असे एक वाक्य असते: ‘कंपनीच्या भारतातील कोणत्याही विद्यमान वा भावी युनिटमध्ये, तसेच सहयोगी कंपनीत आपली बदली होऊ शकते.’ सगळीकडे असतेच, म्हणून सही होते. पण ही अट प्रत्यक्षात किती वापरतात हे कंपनीगणिक बदलते, आणि त्याचा अंदाज सहीआधी घेता येतो.

‘बदल्या होतात का?’ असे विचारले तर ‘क्वचित’ एवढेच उत्तर मिळते. त्यापेक्षा विचारावे: गेल्या तीन वर्षांत या प्लान्टमधून, माझ्याच विभागातले आणि ग्रेडचे किती जण बाहेर पाठवले? स्वतः मागून किती गेले? आदेश हाती पडल्यावर राजीनामा किती जणांनी दिला? शेवटचा प्रश्न सोडू नये, कारण राजीनामा देणारा बदल्यांच्या यादीत दिसतच नाही.

समजा प्लान्टमध्ये 400 माणसे आणि तीन वर्षांत 12 बदल्या. वर्षाला शंभरात एक, म्हणजे नगण्य. पण ते बाराही जण क्वालिटीतले एक्झिक्युटिव्ह असतील आणि त्या ग्रेडच्या जागाच 24 असतील, तर तिथे दरवर्षी सहातला एक हलतो. म्हणून त्याच प्लान्टमधल्या ऑपरेटर शेजाऱ्याने ‘आमच्याकडे बदली नाही’ म्हटले, तर ते त्याच्यापुरते खरे असते.

लिंक्डइनवरही पडताळता येते. कंपनी तीच, पद तेच आणि शहर बदललेले, तर ती बहुधा बदली. पद वाढले असेल तर माणूस खुशीनेही गेला असेल. एकाच विभागातले तिघे-चौघे लागोपाठच्या महिन्यांत कंपनी सोडून गोव्यातच दुसरीकडे लागलेले दिसले, तर मात्र चौकशी करावी. बाहेर नवा प्लान्ट सुरू होताना इथली अनुभवी माणसे ओढली जातात; तो आकडा एरवीच्या आकड्यात मिसळू नये.

अटीतला ‘भावी’ हा शब्द उगाच नसतो. कुंदन शुगर मिल्स खटल्यात 1960 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, करारात तशी तरतूद नसताना मालक नंतर उभारलेल्या दुसऱ्या गिरणीत कामगाराला पाठवू शकत नाही. सहयोगी कंपनी तर कायद्याने वेगळा मालक. तिथे जाताना सेवा अखंड धरल्याचे लेखी घ्यावे. नाहीतर ग्रॅच्युइटीसाठी लागणारी पाच वर्षे पुन्हा शून्यापासून मोजली जाण्याची भीती असते.

एचआर ही अट सहसा काढणार नाही, तो हट्ट व्यर्थ आहे. मागावे ते पुरवणी पत्र: पहिली दोन वर्षे बदली नाही, नंतर किमान 60 दिवसांची सूचना, सामानाचा खर्च आणि तिथल्या भाड्याचा फरक. खर्च दिल्यास ‘वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परतफेड’ हे कलमही बहुधा येते. परतफेड सरसकट पूर्ण रकमेची नको, उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात असावी, आणि कंपनीनेच काढून टाकले तर ती लागू होणार नाही, हे तिथेच लिहून घ्यावे.

– मनुष्यबळ विभागाच्या कामाशी संबंधित एक वाचक, फोंडा