‘फायनल’ लिहिण्याआधी

पुणे, सदाशिव पेठ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. साताऱ्यात पुस्तकांची मांडणी घ्यायला लागलास हे वाचून फार बरं वाटलं. तू लिहितोस की काम येतं, जमतंही, पण फाईलच्या नावापुढे ‘फायनल’ लिहून प्रेसला मेल करायची वेळ आली की मन धजावत नाही, तर तपासणीची एखादी यादी पाठव. यादी पाठवतोच. पण इथल्या एका पुस्तकाचं काय झालं ते आधी सविस्तर सांगतो, कारण त्यावरून यादीत काय हवं आणि ती कधी वापरायची हे तुझ्या लक्षात येईल.

एका आत्मचरित्राचं काम होतं. प्रकरणं 14, पानं 176, म्हणजे सोळापानी 11 फॉर्मे, अगदी काठोकाठ. शेवटचं प्रूफ वाचून झालं होतं, वाचन उत्तम झालं होतं. प्रकाशन समारंभाची तारीख ठरलेली, पत्रिका वाटलेल्या. त्या संध्याकाळी लेखकांचा फोन आला, की तिसऱ्या प्रकरणात मामांचा उल्लेख राहिलाय, दोनच ओळी घाला. ऑपरेटरने पान 38 वर दोन ओळी घातल्या, वाचल्या, शुद्ध होत्या. काम झालं म्हणून पीडीएफ काढली.

आता बघ. तिसरं प्रकरण पान 44 वर शेवटच्या ओळीपर्यंत भरलेलं होतं. दोन ओळी वाढल्यावर त्याचं शेपूट 45 वर गेलं. चौथं प्रकरण 45 वर सुरू होत होतं आणि प्रकरण उजव्या, म्हणजे विषम पानावर सुरू करायचं असं ठरलेलं, त्यामुळे ते 47 वर गेलं आणि 46 कोरं राहिलं. तिथून पुढचं प्रत्येक पान दोनने सरकलं. पुस्तक 178 पानांचं झालं. प्रेसवरून विचारणा आली की दोन पानं जास्त आहेत, त्यांचं काय करायचं? घाईघाईत कोरं 46 काढलं, शेवटचं ‘लेखकाची इतर पुस्तके’ हे पान काढलं, पुन्हा 176 झाली. त्यामुळे चौथ्यापासूनची सगळी प्रकरणं डाव्या पानावर आली आणि मूळ जागेपेक्षा एका पानाने पुढे गेली. अनुक्रमणिका हाताने टाइप केलेली होती, ती तशीच राहिली. म्हणजे चौदापैकी अकरा आकडे चुकीचे. मजकुरात कुठे ‘पाहा पृष्ठ 112’ असं होतं, तेही चुकलं. शेवटी शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवावी लागली.

यात वाचणाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. घातलेल्या दोन ओळीही निर्दोष होत्या. तपासणी झाली ती एका फाईलची आणि छापली गेली दुसरीच, घोळ झाला तो तिथे. म्हणून माझ्या यादीचा पहिला आणि सगळ्यात कडक नियम असा: तपासायची ती प्रेसला जाणारीच पीडीएफ, आणि तिला नंतर हात लागला, मग तो एका स्वल्पविरामासाठी का असेना, तर ती नवी फाईल समजायची.

पण नवी फाईल म्हणून दर वेळी 176 पानं पुन्हा वाचणं कुणालाच शक्य नाही. त्यासाठी एक सोपी गोष्ट कर. जुनी आणि नवी पीडीएफ शेजारी शेजारी उघड आणि प्रत्येक पानाचा फक्त शेवटचा शब्द जुळव. मजकूर कुठेही वाहिला असेल तर त्या पानावरचा शेवटचा शब्द बदललेला दिसतोच. वरच्या पुस्तकात पान 38 लाच हे कळलं असतं. पानाच्या आतच एखादा शब्द बदलला असेल तर तो अशाने सापडणार नाही, पण त्यासाठी करेक्शनची प्रत असतेच. तिच्यावरची प्रत्येक खूण नव्या पानावर शोधायची, तिच्या वरची आणि खालची ओळ वाचायची आणि मगच लाल पेनने ती खूण कापायची. वरची-खालची ओळ का, तर करेक्शन घालताना शेजारचा शब्द चुकून उडतो किंवा तोच शब्द दोनदा पडतो.

त्या दोन ओळींचं खरं काय करायला हवं होतं, तेही सांगतो. पान 38 ते 44 मध्ये असे परिच्छेद शोधायचे ज्यांच्या शेवटच्या ओळीत एकच छोटा शब्द लोंबकळतोय, ‘होते’ किंवा ‘गेला’ असा. तशा दोन परिच्छेदांत शब्दांमधली जागा किंचित कमी केली की तो शब्द वरच्या ओळीत जातो आणि एकेक ओळ वाचते. अक्षरांमधल्या जागेला मात्र हात लावू नकोस, आपल्या लिपीत ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि कमी केलं की अक्षरं एकमेकांवर चढतात. मग 38 ते 44 चे शेवटचे शब्द पाहायचे. 44 चा शेवटचा शब्द पूर्वीचाच आला की पुढच्या पानांची काळजी मिटली.

आता यादीतल्या वाक्यांबद्दल. ‘अनुक्रमणिका तपासली’ असं लिहिलेलं मला चालत नाही. अशा वाक्यापुढे नुसतं पाहूनही टिक करता येते, आणि दमलेला माणूस ती करतोच. मी असं लिहितो: ‘अनुक्रमणिकेतला प्रत्येक आकडा घेऊन त्या पानावर गेलो, तिथलं शीर्षक अक्षरन् अक्षर जुळवलं.’ हे केल्याशिवाय त्यापुढे खूण करताच येत नाही. शीर्षकं जुळवायला सांगतो, कारण लेखक ऐन वेळी प्रकरणाचं नाव बदलतात. ते प्रकरणावर बदलतं आणि अनुक्रमणिकेत किंवा पानाच्या माथ्यावर जुनंच राहतं. आणि टिक त्या त्या वेळी करायची. सगळं पाहून झाल्यावर एका दमात टिका मारणारे मी पाहिलेत, त्यांची यादी नसल्यातच जमा.

मोठ्या अक्षरांवर जास्त वेळ घालव. मुखपृष्ठ, कणा, आतलं शीर्षकपान, मलपृष्ठ. प्रूफ वाचणारा मजकूर वाचतो, शीर्षकावरून त्याची नजर घसरते. लेखकाचं नाव या सगळ्या ठिकाणी आणि श्रेयनामावलीत एकाच पद्धतीने आहे का, एके ठिकाणी ‘डॉ.’ आणि दुसरीकडे नाही असं आहे का, हे बोट ठेवून पाहायचं. श्रेयनामावलीचं पान तर बहुतेक वेळा आधीच्या पुस्तकाच्या फाईलवरून उचललेलं असतं, म्हणून तिथे जुना आयएसबीएन, जुनं वर्ष, जुन्या चित्रकाराचं नाव राहून जातं. मलपृष्ठावरचा बारकोड मोबाइलने स्कॅन कर आणि आलेला तेरा आकडी क्रमांक या पानावरच्या क्रमांकाशी जुळव.

शोधा-आणि-बदला याच्याबद्दल वेगळं लिहितो, कारण घाईत सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. समज, लेखकाने सांगितलं की पात्राचं नाव राम नको, मोहन करा. एका बटणात सगळीकडे बदललं. रामचा मोहन झालाच, पण ‘आराम’चा ‘आमोहन’ झाला, ‘ग्रामपंचायत’ची ‘ग्मोहनपंचायत’ आणि ‘परामर्श’चा ‘पमोहनर्श’. फक्त पूर्ण शब्द बदलायचा पर्याय निवडलास तर ‘रामने’, ‘रामला’, ‘रामचा’ तसेच राहतील, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. म्हणून एकेक ठिकाणी थांबून, ओळ वाचून बदलायचं. वेळ लागतो, तो द्यायचा. आणि आधीच कुणी एकदम बदल केलेली फाईल हातात आली, तर नव्या नावाचा शोध घे आणि जिथे नावाच्या आधी दुसरं अक्षर चिकटलंय ती ठिकाणं पाहा. ‘आमोहन’, ‘ग्मोहन’ सगळे तिथे सापडतात.

तुझ्याकडे जुन्या लेखकांच्या फाईली श्रीलिपीत येत असतील. त्या युनिकोडमध्ये आणल्यावर कुठे बिघडतात ते ठरलेलं आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलटा असतो. बदलणारा प्रोग्राम साध्या अक्षरात नीट करतो, पण वेलांटी जोडाक्षरावर किंवा रफारासोबत आली की चुकू शकतो. ‘वार्षिक’, ‘आर्थिक’, ‘स्थिती’, ‘निर्मिती’ हे शब्द शोधून बघ, हे सरळ असतील तर बाकीचे बहुधा ठीक असतात. शिवाय ‘र्या’ हा शोध जरूर घे. ‘करणाऱ्या’ऐवजी ‘करणार्या’ झालेलं असतं आणि वेगात वाचताना ते डोळ्यांना खटकत नाही. ‘सूर्या’, ‘आचार्यांनी’ हे मात्र बरोबर असतात, म्हणून इथेही एकदम बदलायचं नाही.

इनडिझाइनमध्ये खाली प्रीफ्लाइटचा हिरवा ठिपका दिसतो, तो पाहायचाच. फॉन्ट गायब आहे, फोटोची लिंक तुटली आहे, मजकूर चौकटीबाहेर जाऊन दिसेनासा झालाय, हे तो सांगतो. पण अनुक्रमणिकेत 45 च्या जागी 46 हवं हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. ठिपका हिरवा म्हणून फाईल तयार, असं समजणारे खूप आहेत आणि माझ्या मते चुकीच्या अनुक्रमणिका त्यामुळेच छापल्या जातात. पीडीएफ काढल्यावर फॉन्ट एम्बेड झालेत का, हे अ‍ॅक्रोबॅटमध्ये Document Properties > Fonts इथे पाहा. प्रत्येक फॉन्टपुढे Embedded किंवा Embedded Subset असायला हवं. नसेल तर प्रेसच्या मशीनवर दुसराच फॉन्ट बसेल आणि जोडाक्षरं फुटतील.

हे सगळं प्लेट निघायच्या आधी व्हायला हवं. सोळापानी फॉर्म्याच्या एका बाजूला आठ पानं असतात, त्यामुळे एका पानावरचा एक आकडा बदलायचा तरी आठही पानांची प्लेट नव्याने काढावी लागते. छपाई झाली असेल तर कागदही गेला. ऐन दिवाळी अंकांच्या दिवसांत तर प्रेसवाले मध्ये जागा द्यायलाच तयार नसतात, इथे पुण्यात ते दर वर्षी दिसतं.

आणखी एक. लेखकाचा ऐन वेळचा फोन येणारच, त्याला नाही म्हणू नकोस, आपुलकीनेच तो माणूस ते सांगत असतो. फक्त त्याला आधीच सांग की दोन ओळी घातल्या तर फाईल उद्या दुपारी जाईल, आज नाही. मी हे काम घेतानाच सांगून ठेवतो आणि लोक मानतात.

तुझ्या हातातल्या पुस्तकाची पीडीएफ पाठव, सोबत शेवटच्या करेक्शनच्या प्रतीचे फोटोही. मी फक्त पानांचे शेवटचे शब्द, अनुक्रमणिका आणि ‘र्या’ एवढंच पाहीन, मजकूर तू वाच. आयएसबीएन कुणाकडून घेतलास तेही कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा मित्र