एकाच गृहकर्जाला दोन दर : ०.७० टक्क्याची फोड लेखी द्यावी

दि. १६ मार्च २०२६

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
गृहकर्ज विभाग, सांगली शाखा

विषय : गृहकर्जाच्या व्याजदरातील तफावतीचे कारण न सांगितल्याबाबत व दराचा फेरविचार करण्याबाबत

महोदय,

जानेवारी २०२६ मध्ये आपल्या शाखेने माझे ३० लाखांचे गृहकर्ज २० वर्षांसाठी ८.६५ टक्क्यांनी मंजूर केले. त्याच महिन्यात माझ्याच शाळेतील एका शिक्षिकेला तेवढ्याच रकमेचे, तेवढ्याच मुदतीचे कर्ज ७.९० टक्क्यांनी मिळाले. दोघांचा पगार जवळपास सारखा, विश्रामबागेतली इमारत एक, फ्लॅटची किंमत ४० लाख, म्हणजे तारणाच्या ७५ टक्के कर्ज, तेही सारखेच. तिचा हप्ता सुमारे २४,९०० रुपये आणि माझा सुमारे २६,३०० रुपये बसतो. हाच दर राहिला तर पूर्ण मुदतीत मला जवळपास ३ लाख ४० हजार रुपये जास्त भरावे लागतील.

शाखेत विचारल्यावर "दर सिस्टीम ठरवते" एवढेच उत्तर मिळाले. हे उत्तर मला मान्य नाही, कारण सिस्टीममध्ये काय जाते ते सांगता येते.

बँकांची फ्लोटिंग दराची नवी गृहकर्जे ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य निर्देशांकाला जोडलेली आहेत. आपल्याकडे तो रेपो दर आहे आणि मंजुरीच्या वेळी तो ५.२५ टक्के होता. तो दोघांनाही सारखाच लागू आहे. फरक आहे तो त्यावर लावलेल्या स्प्रेडमध्ये : तिचा २.६५, माझा ३.४०. त्यातली महिला अर्जदाराची ०.०५ टक्क्याची सवलत रास्तच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. उरलेले ०.७० म्हणजे आपण माझ्यावर धरलेली जास्तीची जोखीम असावी. मुख्य तथ्य विवरणपत्रात स्प्रेड ३.४० एवढाच आकडा आहे, त्याची फोड नाही.

आपण काढलेल्या अहवालात माझा सिबिल स्कोअर ७३१ आहे. मी पूर्ण अहवाल मागवून पाहिला तेव्हा त्यात दोन गोष्टी आढळल्या.

पहिली क्रेडिट कार्डाची. मर्यादा ६०,००० आणि अहवालात बाकी ५२,०००, म्हणजे वापर ८७ टक्के. वास्तविक बिल दर महिन्याला मुदतीत पूर्ण भरले जाते, व्याज कधी लागलेले नाही. पण कार्ड कंपनी ठरलेल्या तारखेची बाकी कळवते. त्या तारखेनंतर भरलेले पैसे त्यात दिसत नाहीत, म्हणून वेळेवर भरणाराही काठोकाठ कर्जात बुडालेला दिसतो. त्या तारखेच्या आधीच बहुतेक रक्कम भरून बाकी मर्यादेच्या ३० टक्क्यांखाली, म्हणजे माझ्या बाबतीत १८,००० च्या आत, ठेवली की पुढच्या अहवालात वापर खाली येतो. हे मी सुरू केले आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. दुचाकीचे फेडलेले कर्ज अजून चालू आणि ४,२०० रुपये थकीत दाखवले होते. थकबाकीचा असा शेरा कार्डाच्या वापरापेक्षा जास्त नडतो, कारण स्कोअरमध्ये परतफेडीच्या इतिहासाला मोठे वजन आहे. ना हरकत दाखला जोडून मी क्रेडिट ब्युरोकडे आणि त्या वित्त कंपनीकडे दुरुस्ती मागितली. अशी तक्रार ३० दिवसांत निकाली काढावी लागते, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. आता खाते बंद दिसते आणि स्कोअर ७७२ झाला आहे.

म्हणजे कर्ज देताना आपण जी जोखीम धरली, तिचा एक भाग मुळात चुकीच्या नोंदीवर उभा होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्जदाराच्या पतमूल्यांकनात मोठा बदल झाल्यास जोखमीचा अधिभार करारानुसार बदलता येतो. शाखेने मात्र "एकदा ठरलेला स्प्रेड बदलत नाही" असे तोंडी सांगितले.

माझ्या मागण्या :

१. ३.४० टक्क्यांच्या स्प्रेडची फोड लेखी द्यावी : जोखमीचा अधिभार किती, इतर खर्च किती.

२. स्कोअरचे कोणते टप्पे कोणत्या दराला जोडलेले आहेत आणि ७७२ कोणत्या टप्प्यात येतो, ते कळवावे.

३. दुरुस्त अहवालावरून माझे मूल्यांकन पुन्हा करून स्प्रेड कमी करावा. चुकीच्या नोंदीमुळे वाढलेल्या भागासाठी दरबदलाचे शुल्क आकारू नये.

दर किती असावा हा आपला व्यावसायिक निर्णय आहे, हे मला ठाऊक आहे. पण दराचे कारण न सांगणे आणि दुरुस्त अहवाल पाहायलाच नकार देणे ही सेवेतील त्रुटी आहे. ३० दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर न मिळाल्यास मी cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवीन.

आपला,
गृहकर्ज खातेदार, सांगली

सोबत : मंजुरीपत्र, मुख्य तथ्य विवरणपत्र, जुना व दुरुस्त क्रेडिट अहवाल, दुचाकी कर्जाचा ना हरकत दाखला