मृण्मयीच्या पाळण्याबद्दल, काकूंना

काकू,

बारसं होऊन चार दिवस झाले, तरी आई स्वयंपाकघरात कणीक मळताना तीच ओळ गुणगुणतेय. तुमच्यासमोर नीट बोलायला मला जमलं नाही. पाया पडायला वाकले तर तुम्ही ‘राहू दे, राहू दे’ म्हणत घुगऱ्यांचा द्रोण घेऊन शिवाजी पेठेच्या दिशेनं चालायला लागलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते.

आधी ज्यांच्याकडून पाळणा लिहून घेतला, त्यांचं नाव घेत नाही. पाचशे एक रुपये घेतले आणि कुणाच्या तरी बारशाचा जुना पाळणा पाठवला. ‘साताऱ्याचे मामा’ तसेच राहिलेले. आमच्या बाळाचा मामा गडहिंग्लजचा! फोन केला तर म्हणाले, “ताई, नाव बदललंय की.” बदललं होतं खरं. ‘जो बाळा जो जो रे जो’ मधलं ‘बाळा’ काढून तिथं ‘मृण्मयी’ कोंबलं होतं. मी आत्या. नाव मी ठेवणार, पाळणा मी म्हणणार, आणि प्रत्येक वेळी त्याच ओळीवर ठेच लागायची. मला वाटलं, माझाच गळा वाईट.

तुम्ही कागद बघितलाच नाहीत. “म्हण की,” म्हणालात आणि डब्याच्या झाकणावर बोटानं ताल धरलात. दुसऱ्यांदा अडखळले तिथं हात थांबला. “गळ्याचं काय नाही गं पोरी, माप चुकलंय.” मग ऱ्हस्व अक्षराला एक, दीर्घाला दोन असं बोटांवर मोजून दाखवलंत. ‘बाळा’ची मात्रा चार. ‘मृण्मयी’ला जोडाक्षरामुळं ‘मृ’वर जोर येतो, म्हणून दोन, एक, दोन अशा पाच. आठाच्या ठेक्यात एक मात्रा उपरी, तिथंच जीभ अडकते. ‘रेवा’ असतं तर ‘बाळा’च्या जागी सरळ बसलं असतं, ‘शिवांजली’ असतं तर पुढं नुसतं ‘गं’ लावून भागलं असतं. पाचाला तीन हवेत. तुम्ही ‘बाळ’ जोडलंत, आणि झालं:

मृण्मयी बाळ, जो जो गं जो.

नाव ओळीच्या सुरुवातीला आलं, ठेक्याचा जोर नेमका त्याच्यावर पडला, आणि शेवटच्या ‘जो’वर दम घ्यायला जागा मिळाली.

मला वाटलं, काम झालं. तुम्ही मात्र उठून आत गेलात. आई जमिनीवर लसूण सोलत बसली होती. तिला दम्याचा त्रास, त्यात वरची कवळी सैल, म्हणून ‘मी नुसती ऐकणार’ असं तिनं आधीच जाहीर केलेलं. मांडी घालून तिच्याशेजारी बसलात, तिच्या गुडघ्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, “अक्का, तीनदा म्हणा बघू. तुम्हाला दम लागला तर ओळ बदलायची.” आई लाजली. मग म्हणाली. ‘मृन्मई’ म्हणाली, पण ठेका सुटला नाही. तिसऱ्यांदा तर तुमच्या आधी ‘जो’वर पोचली. काकू, बाकी सगळं मी विसरेन, तो गुडघ्यावरचा हात विसरणार नाही. पैसे घेणाऱ्यानं ‘घरात म्हणणार कोण’ एवढंही विचारलं नव्हतं.

दुसरी अडचण मला सुचलीच नव्हती. कानात ‘कुर्र’ करायच्या आधी नाव फुटता कामा नये, आणि ओळीत तर नावच! तुम्ही हसलात. “तोवर ‘लाडकं बाळ’ म्हणायचं. माप तेच.” खरंच तेच, दोन, एक, दोन. बारा दिवसांची बारा कडवीही नकोत म्हणालात, पोर रडायला लागतं. पाचच ठेवली. पहिलं माझं होतं, त्यातली ‘पणती लागली’ एका मात्रेनं लांबत होती. तुम्ही तेवढीच बदललीत:

पहिल्या दिवशी वात लावली,
अंबामाई घरी पातली,
लाडकं बाळ, जो जो गं जो.

कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर जाड स्केचपेननं फक्त ही शेवटची ओळ लिहून आणलीत, चष्मा घरी विसरणाऱ्या बायकांसाठी. कडवी आत्यानं म्हणायची, ओळ सगळ्यांनी.

दोन कडवी झाली, मी कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले आणि तिसरं सुरू केलं. ओळ आली तेव्हा बायका क्षणभर घुटमळल्या, नवीन नाव ना. पहिला आवाज आईचा आला. तुम्ही मागं दाराशी उभ्या होतात. एवढा भजनातला आवाज तुमचा, पण तो तुम्ही दाबून धरलात, आईचा वर राहावा म्हणून. मी बघितलं ते.

अशी माणसं गल्लीत असताना आम्ही पाचशे एक रुपये घालवायला गेलो, आमचंच डोकं!

तुमचा चष्मा आमच्या फळीवर राहिलाय. संध्याकाळी आणून देते. आई म्हणते, मी पण येते.

तुमची,
मृण्मयीची आत्या