उशीखाली पानं ठेवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर "पुरे, ती लेव्हल उचल आधी" म्हणाला असता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

हुतात्मा स्मृती मंदिर, शुभारंभाचा प्रयोग, वेळ सातची. सव्वासहाला आमचा नायक मेकअपच्या खुर्चीतच ओकला. अंगात फणफणून ताप, तरी "मी उभा राहतो" चालूच. तुम्ही वाद घातला नाहीत. "पहिलं स्वगत उभ्यानं म्हणून दाखव." चौथ्या वाक्याला त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. त्याला दवाखान्यात धाडलंत आणि माझ्याकडे वळलात, "मास्तर, कोट चढवा."

मी प्रॉम्प्टर. दोन महिने वही धरून बसल्यानं शब्द बहुतेक तोंडात होते, पण विंगेतून नाटक आडवं दिसतं. नायक कुठून येतो, कुठे थांबतो, हे पायांत नव्हतं. मी वही उघडली तशी तुम्ही काढून घेतलीत. "शब्द मी विंगेतून देईन. पाय कोण देणार?"

मग संवाद न म्हणता फक्त एन्ट्री, एक्झिट आणि अंधारात हलणारं सामान, एवढंच दोनदा करून घेतलंत. मुलगा बापाला ढकलतो ती जागा गाळलीत, नुसता हात उगारायचा ठरलं. (माझ्या मते ते तसंच ठेवावं, जास्त लागतं.) ब्लॅकआऊट नायकाच्या शेवटच्या वाक्यावर होता. लाइटवाल्याला म्हणालात, "मास्तर वाक्य खाऊन टाकतील. आज माझ्या बॅटरीवर जा." तिसरी घंटा वीस मिनिटं उशिरा दिलीत, आणि त्याआधी पडद्यापुढे जाऊन प्रेक्षकांना खरं ते सांगितलंत.

पहिल्या अंकात मी अर्धं पान उडवलंच. बायकोचं काम करणाऱ्या ताई माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. तेवढ्यात फोनची घंटा वाजली, ठरल्यापेक्षा कितीतरी आधी. ताई रिसीव्हरकडे गेल्या आणि फोनवर बोलता बोलता गाळलेलं सगळं सांगून मोकळ्या झाल्या. ती घंटा तुम्ही वाजवलीत, हे मला मध्यंतरात कळलं.

दुसऱ्या अंकात नायक खाटेवर पडून लांबलचक बोलतो. त्याची पानं तुम्ही स्केचपेननं ठळक अक्षरात लिहून उशीखाली सरकवली होतीत. सोलापुरी चादर जाड, तिच्या घडीत पान छान उभं राहतं; मी पांघरूण सारखं करतोय असंच वाटत होतं. तिसऱ्या पानावर मध्येच एक ओळ आली, तीही मी त्याच सुरात म्हणून टाकली: "पाणी प्या, मास्तर."

ताईंनी पापणी न हलवता तांब्या आणून दिला.

तुमचा,
मास्तर