पाहुण्यांची एकत्र यादी : नाव कापण्याआधी वाचा

मंडळी, दोन्ही घरच्या याद्या एकाच शीटमध्ये आल्या आहेत. दुबार शोधताना नावावर जाऊ नका, मोबाईल नंबरचे शेवटचे दहा आकडे जुळवा. आमचे ‘कॉलेज रोडचे नाना’ आणि तुमचे ‘बँकेतले साहेब’ एकच निघाले ते नंबरमुळेच. पण नंबर एक म्हणजे घर एक, असंही नाही. सिडकोतल्या दोघा भावांच्या चुली वेगळ्या, नंबर मात्र थोरल्याचाच दिलाय. तिथे पत्रिका दोनच जातील.

खरंच दुबार असेल तर एकच ओळ ठेवून पुढे ‘दोन्हीकडून’ लिहा. पानं एकदाच मोजू, पण आमंत्रणाचा फोन दोन्ही घरांनी करायचा. नाहीतर “तुमच्याकडून बोलावणंच नाही” हे मांडवात ऐकावं लागतं. शंकेचं नाव ग्रुपवर टाकू नका, मला वेगळं कळवा.