शेवाळाच्या गोळ्या आणि आमच्या सौ.ची चप्पल

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बी-१२ जीवनसत्त्वावरचा लेख वाचला. पत्र त्याच रात्री लिहायला घेतलं होतं, पण ‘आता झोपा, सकाळी शांतपणे लिहा’ असा घरातून हुकूम झाला. सकाळ झाली. शांतपणा काही आलेला नाही, तरी लिहितो.

शाकाहारी आणि व्हीगन मंडळींनी मोड आलेली कडधान्यं, शेवगा, नाचणीची आंबील, ‘समुद्रातला खजिना’ म्हणजे नोरी आणि स्पिरुलिना ही शेवाळं खावीत, बी-१२ ची चिंता करू नये, असा सल्ला आपल्या लेखिकाबाईंनी दिला आहे. वरून ‘गोळ्या-इंजेक्शनांच्या मागे लागू नका’ हेही आहेच. संपादक महोदय, नोरी सोडली तर या यादीतली प्रत्येक वस्तू आमच्या घरात खाऊन झाली आहे. तिचा निकाल काय लागला ते ऐका.

आमच्या सौ. माळकरी. माहेरीही आणि इथेही अंडंसुद्धा नाही. दूध मात्र होतं. २०२१ मध्ये कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून तिने दूध कमी केलं, आणि बंगळूरला असलेली आमची धाकटी व्हीगन झाल्यावर आईला म्हणाली, ‘मग पूर्णच सोड ना!’ सोडलं. चहा कोरा झाला, ताक गेलं. बदल्यात धाकटीने स्पिरुलिनाच्या गोळ्यांचे डबे पाठवायला सुरुवात केली. डब्यावर बी-१२ चा आकडा असा ठणठणीत होता की मीही खूश झालो.

दोन वर्षांनी तळपायाला मुंग्या सुरू झाल्या. जिभेची साल गेल्यासारखी झाली, तिखट लागेना. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.८. इथल्या एका दवाखान्यात लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या मिळाल्या. चार महिन्यांत हिमोग्लोबिन ११.९ झालं, आम्ही पेढे (तिच्यासाठी चिक्की) आणले. मुंग्या मात्र पोटरीपर्यंत चढल्या होत्या. ‘वय झालं,’ असं सांगण्यात आलं. वय ६१.

मग एके दिवशी सौ. अंबाबाईच्या देवळातून घरी आली ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठे निसटली ते तिला कळलंच नव्हतं! मी हसलो, आणि आजही मला त्या हसण्याची लाज वाटते. त्याच आठवड्यात तिने सांगितलं की मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, म्हणून एक हात नळाला धरून ती तोंड धुते. सांगलीच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांना हे सांगताच त्यांनी पुढचं बोलणं थांबवलं आणि लोखंडी चिमटा वाजवून तिच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. ‘थरथर जाणवते?’ सौ. म्हणाली, ‘कसली थरथर?’ पाय कुठे आहे हे मेंदूला कळवणाऱ्या मज्जारज्जूतल्या तारांवरचं आवरण खराब झालं होतं. उघड्या डोळ्यांनी ती कमतरता भरून निघते, डोळे मिटले की माणूस लटपटतो.

आता प्रश्न असा की रक्त सुधारलं आणि पाय का बिघडले? डॉक्टरांनी समजावलं ते सोपं होतं. रक्तपेशी तयार व्हायला फॉलिक अॅसिड आणि बी-१२ दोन्ही लागतात. भरपूर फॉलिक अॅसिड दिलं की रक्ताचं काम कसंबसं चालू होतं, रिपोर्ट गुलाबी होतो. मज्जातंतूंचं काम मात्र त्याने होत नाही, तिथे बी-१२ च लागतं. म्हणजे धोक्याची घंटा बंद झाली आणि आग आत चालूच राहिली. पालेभाज्या-कडधान्यांतून आपल्याला फोलेट तसंही चांगलं मिळतं, त्यामुळे शाकाहाऱ्याचं हिमोग्लोबिन बरं आहे म्हणून बी-१२ बरं असेलच असं नाही.

बी-१२ ची तपासणी केली तर २३८ आलं. प्रयोगशाळेची खालची मर्यादा १९७, म्हणून आकडा ठळक छापलेलाही नव्हता. डॉक्टर म्हणाले, २०० ते ३०० मधल्या आकड्यावर विसंबायचं नाही, होमोसिस्टीन करा. ते १५ च्या आत असायला हवं, आलं ४८. बी-१२ पुरेसं कामाला लागलं की होमोसिस्टीन साचत नाही, इथे ते साचलेलं होतं.

मग त्या स्पिरुलिनाच्या डब्यावरचा आकडा खोटा होता का? गंमत इथेच आहे. बी-१२ कोणतीही वनस्पती बनवत नाही, तिला ते लागतच नाही. ते बनवतात जिवाणू. गाई-म्हशीच्या पोटात असे जिवाणू असतात, चाऱ्यातून थोडा कोबाल्ट मिळाला की ते बी-१२ तयार करतात आणि ते दुधात उतरतं. आपल्याही मोठ्या आतड्यात ते काही प्रमाणात होतं, पण शोषणाची जागा त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटी असते. माल तयार होतो तो दुकान मागे टाकून! स्पिरुलिनात जे असतं त्यातलं बहुतेक नकली बी-१२. रेणूचा एक भाग वेगळा असतो. आपल्या जठरात बी-१२ ला धरून आतड्यापर्यंत नेणारं जे प्रथिन आहे ते या नकलीला नीट धरतच नाही. पण पदार्थातलं बी-१२ मोजण्याची जुनी पद्धत म्हणजे त्यावर एक जातीचे जिवाणू वाढवून बघणं, आणि ते जिवाणू नकलीवरही खुशाल वाढतात. म्हणून डब्यावर आकडा मोठा येतो.

नोरीचं थोडं वेगळं आहे, तिच्यावर अन्याय नको. त्या जांभळ्या शेवाळात खरं बी-१२ सापडतं. पण किती, ते जातीवर, वाळवण्यावर, भाजण्यावर अवलंबून, या पुडीत एक आणि पुढच्या पुडीत दुसरं. १९९१ साली नेदरलँड्समधल्या मॅक्रोबायोटिक म्हणजे मुख्यतः धान्य-भाज्यांचा आहार घेणाऱ्या मुलांना नोरी-स्पिरुलिना देऊन पाहिलं होतं. रक्तातला बी-१२ चा आकडा वाढला, पण रक्तपेशींचा आकार बिघडतच गेला. आमच्या २३८ ची कथा मला तिथे ओळखीची वाटली. आणि मिरजेत नोरी कोण खातं, हा प्रश्न मी विचारत नाही. आंबीलीचं काय? ती आंबवणारे जिवाणू बी-१२ भरवशाने बनवत नाहीत. मोड आले म्हणूनही ते येत नाही.

लेखिकाबाई पुढे म्हणतात, ‘रेशनच्या पोषणयुक्त तांदळातून बी-१२ मिळतंच.’ मी टपाल खात्यात हिशेबाचं काम केलं आहे, म्हणून आकडेमोड केली. नियमानुसार असा तांदूळ आणि असंच पीठ, दोन्हींत किलोला ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम बी-१२ घालतात. आपल्याला रोज हवं २.२ मायक्रोग्रॅम. रोज २०० ग्रॅम तांदूळ आणि २०० ग्रॅम पीठ खाल्लं तरी दोन्ही मिळून ०.३ ते ०.५. चौथा हिस्साही होत नाही. तांदळाला नावं ठेवायचं कारण नाही, तो जे सांगतो तेवढं देतो. पण ‘मिळतंच’ म्हणणाऱ्याने गुणाकार करायला काय हरकत होती?

आणि दूध पिणाऱ्यांनीही निवांत राहू नये. पेलाभर दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम. आपल्याकडे दूध म्हणजे दोन चहांतले चार-चार चमचे आणि पाण्यासारखं ताक. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्यात आणि आसपासच्या गावांत ४४१ पुरुष तपासले होते, त्यांतल्या ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं. ते सगळे व्हीगन नव्हते हो!

व्हीगन माणसाने काय करावं, तर सोया किंवा ओटच्या दुधाच्या खोक्यावर ‘सायनोकोबालामिन’ किंवा बी-१२ असा शब्द आणि १०० मिलीला किती हा आकडा शोधावा. भिंग घेऊन शोधावा, कारण अक्षरं मुंगीएवढी असतात. आम्ही आणलेल्या दोन खोक्यांपैकी एकावर तो होता, दुसऱ्यावर नव्हता, आणि हिरवं व्हीगन चिन्ह मात्र दोन्हींवर होतं. ते चिन्ह प्राणिजन्य काही नाही एवढंच सांगतं. न्यूट्रिशनल यीस्टचंही तसंच, वरून घातलेलं असेल तरच त्यात बी-१२.

नाहीतर सरळ गोळी. एका वेळी आतडं नेहमीच्या वाटेने दीडदोन मायक्रोग्रॅमच घेतं, त्यावरचं शेकडा एकाच्या हिशेबाने झिरपतं. म्हणून १००० ची गोळी घेतली तर पदरात पडतं दहा-बारा. धाकटी आता असली गोळी आठवड्यातून दोनदा घेते. सौ.ने सुरुवातीला कॅप्सूल नाकारली, तिचं वेष्टन जिलेटिनचं म्हणजे जनावराचं. माळ घातलेली बाई, बरोबरच आहे. तिला साधी गोळी मिळाली, आणि हे बी-१२ कारखान्यात जिवाणूंकडूनच आंबवून काढतात हे ऐकून तिचं समाधान झालं. अर्थात आजार इथवर गेल्यावर गोळीवर भागलं नाही. आधी दिवसाआड इंजेक्शनं, मग आठवड्याला, आता महिन्याला. तीन महिन्यांत ती दोन्ही हातांनी तोंड धुवायला लागली. जीभ त्याआधीच बरी झाली. अंगठे अजून बधिर आहेत, आणि ते तसेच राहतील असं दिसतं. चपलेला मागून पट्टा लावून घेतला आहे.

जाता जाता. लेखाच्या खालीच अर्ध्या पानाची स्पिरुलिनाची जाहिरात होती. योगायोग असेल. आणि पुरवणीत गुलाबी रंगावर पांढरी अक्षरं छापण्याची कल्पना ज्या कोणाची आहे, त्यांना आमच्या घरचं भिंग पाठवून देतो.

मागचं माझं पत्र (पाण्याच्या वेळांचं) आपण निम्मं कापलंत आणि नेमकी वेळच उडवलीत. या वेळी कापायचंच झालं तर चपलेचा भाग कापा, तांदळाचा हिशेब राहू द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज